चहाच्या सुट्टीत पहिलंच वाक्य चुकतं ते इथे

नाशिकला द्राक्षावरचं चर्चासत्र असलं की चहाच्या टेबलापाशी एकच चूक मला पुन्हा पुन्हा दिसते. नवा माणूस कप हातात घेतो, शेजारच्या बागायतदाराला नमस्कार करतो आणि लगेच विचारतो, "तुमची बाग किती एकर?"

विचारणाऱ्याला हा साधा प्रश्न वाटतो. पण खतं, औषधं, ठिबक विकायला बांधावर येणारा प्रत्येक जण सुरुवात याच प्रश्नाने करतो. समोरच्याला कळतं की आपलं माप घेतलं जातंय. मागे एका चर्चासत्रात हवामानयंत्र विकणाऱ्या एका तरुणाने निफाडकडच्या एका काकांना हेच विचारलं. काका "आहे थोडीफार" म्हणाले आणि खांदा वळवून बिस्किटांकडे गेले. तरुणाने मागोमाग जाऊन कार्ड पुढे केलं. काकांनी ते न वाचता खिशात टाकलं.

त्याच काकांशी नंतर मी बोललो. आधीच्या सत्रात वक्त्यांनी सांगितलं होतं की फेलफुटी, म्हणजे वेलीवरच्या नको असलेल्या जादा फुटी, वेळेवर काढल्या नाहीत तर वेलीत दाटी होते, ओल टिकते आणि डाऊनी हा बुरशीचा रोग वाढतो. मी म्हटलं, "काका, फेलफुटी वेळेवर काढा म्हणाले खरं, पण ऑक्टोबर छाटणीनंतर सगळ्यांचं काम एकदमच निघतं. तुमच्याकडे मजूर मिळतात का तेव्हा?" काका थांबले. टोळी कुठून येते, आगाऊ रक्कम आधी का द्यावी लागते, पाऊस लागला की काम कसं अडतं, सगळं सांगितलं. मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही काय करता?"

मी काकांशी बोलायला सुरुवात केली त्या वाक्यात दोन गोष्टी आहेत: दोघांनी नुकतंच ऐकलेलं काहीतरी नेमकं, आणि समोरच्याला स्वतःच्या अनुभवातून उत्तर देता येईल असा प्रश्न. नुसतं "सत्र कसं वाटलं?" विचारलंत तर "छान" एवढंच मिळतं. म्हणून सत्र चालू असतानाच मी वहीत एक मुद्दा टिपतो, जिथे सांगणं सोपं आणि करणं अवघड असतं. पाठ केलेली वाक्यं घेऊन येणाऱ्यांना हे कष्ट नको असतात, आणि तिथेच त्यांचं फसतं.

चहाच्या रांगेत कुणाला गाठू नका. कप हातात येऊ द्या. दोघं समोरासमोर तोंड करून बोलत असतील तर मध्ये शिरू नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे उतावीळपणा. समोरच्याने मजुरांची अडचण सांगितली की लगेच "यावर आमच्याकडे उपाय आहे" म्हणायचं. तिथे गप्पा संपतात. त्याऐवजी त्याच्याच उत्तरातला एक धागा धरून पुढचं विचारा: "टोळी दरवर्षी तीच येते का?" तुमचं काम त्याने विचारलं तर एका वाक्यात सांगा आणि बोलणं पुन्हा त्याच्या बागेकडे न्या. कार्ड त्याने मागितलं तरच द्या.