मोतिया साडी छापल्यावर निळसर का दिसते? कॅटलॉगच्या फोटोतल्या या चुका टाळा

इंदूरच्या कापडबाजारातील व्यापाऱ्यांसाठी मी महेश्वरी साड्यांचे छापील कॅटलॉग तयार करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक फोटो निस्तेज असतात, आणि त्याचा दोष मी छायाचित्रकाराला फारसा देत नाही. पांढऱ्या कागदावर फिकट साडी मांडली, की कॅमेऱ्याचे प्रकाशमापक ते सारे पांढरेपण मध्यम करड्या पातळीवर आणून ठेवते, आणि त्यात दुकानातल्या पिवळ्या दिव्यांचा रंग मिसळतो. असा फोटो सुधारता येतो. न सुधारणारे नुकसान होते ते नंतर, घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत, आणि तेही बहुतेक वेळा त्याच दोन-तीन ठिकाणी.

साडीवरच आयड्रॉपर टेकवणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की नवा मुलगा कामाला बसला म्हणजे मी प्रथम त्याचा हात कुठे जातो एवढेच पाहतो. व्हाइट बॅलन्सचा आयड्रॉपर घेऊन तो फोटोतली सर्वांत पांढरी वाटणारी जागा शोधतो, आणि ती जागा म्हणजे मोतिया रंगाची साडी असते. आयड्रॉपरला साडी कळत नाही. ज्या बिंदूवर तो टेकवला तो रंगहीन करडा आहे असे गृहीत धरून तो साऱ्या चित्राचे रंग हलवतो. मोतिया रंगात मुळातच पिवळी-तांबूस छटा असते, ती छटा दोष समजून काढून टाकली जाते, आणि तेवढाच निळेपणा संपूर्ण फोटोवर चढतो.

काही वर्षांपूर्वी एका कॅटलॉगमध्ये नेमके हेच झाले. माझ्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने पहिल्या साडीवर आयड्रॉपर टेकवला आणि तीच सेटिंग पुढच्या चाळीस फोटोंना लावली. पडद्यावर पाने स्वच्छ आणि टवटवीत दिसत होती. व्यापाऱ्याने पीडीएफ मोबाइलवर पाहून होकार दिला, मीही प्रत्यक्ष साड्या शेजारी ठेवून तपासणी केली नाही, आणि छपाई झाली. कॅटलॉग हातात आला तेव्हा मोतिया साड्या नीळ दिलेल्या धोतरासारख्या दिसत होत्या, जरीचे सोने चांदीकडे झुकले होते आणि दालिंबी साडी जांभळट झाली होती. ज्या दुकानदारांनी कॅटलॉग पाहून पांढरी साडी मागवली, त्यांच्याकडे मोतिया साडी पोहोचली आणि पार्सले परत येऊ लागली. आठ पाने पुन्हा छापावी लागली. तो खर्च मी उचलला, कारण शेवटची तपासणी माझी होती.

त्या मुलाने केले ते आणि करायला हवे होते ते, यांतला फरक एका फोटोवर आकड्यांत दाखवतो. फोटोच्या कडेला करडे कार्ड ठेवलेले होते. मूळ फाइलमध्ये कार्डाचे आकडे साधारण R 88, G 85, B 76 होते, म्हणजे प्रकाश पिवळसर होता, आणि साडीचे R 152, G 141, B 117. साडीवर आयड्रॉपर टेकवताच साडीचे तिन्ही आकडे 141 च्या आसपास आले आणि कार्ड R 82, G 85, B 92 झाले. करडे कार्ड निळे दिसू लागले, म्हणजे दुरुस्ती चुकली, हे तिथेच कळायला हवे होते. त्याऐवजी कार्डावर आयड्रॉपर टेकवला तर कार्डाचे तिन्ही आकडे सारखे होतात आणि साडी साधारण R 147, G 141, B 131 वर येते. लाल सर्वांत वर, निळा सर्वांत खाली: हीच मोतिया छटा आहे आणि ती राहिली पाहिजे.

कार्ड नसेल तर खालचा पांढरा कागद वापरावा, असे सर्रास सांगितले जाते. ते मला मान्य नाही. बाजारातल्या पुष्कळ कागदांत चकाकी आणणारी द्रव्ये असतात. खिडकीच्या प्रकाशातील अतिनील किरणांनी ती निळसर प्रकाश देतात, आणि अशा कागदाला करडे मानले तर साडी गरजेपेक्षा पिवळी होते. मी अशा वेळी साडी मागवून घेतो, ती 5000 केल्व्हिनच्या दिव्याखाली पडद्याशेजारी ठेवतो आणि Temperature व Tint हाताने जुळवतो. छापील रंग तपासण्यासाठी मानलेला प्रकाशही तोच आहे. यात एका साडीला दहा मिनिटे जातात. ज्याला ती दहा मिनिटे जड वाटतात, त्याने कापडाच्या कॅटलॉगचे काम घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सर्व रॉ फाइलवर करावे. जेपीईजीमध्ये कॅमेऱ्याने ठरवलेला रंग आधीच मुरलेला असतो, त्यामुळे थोडी दुरुस्ती निभावते, मोठी केली की सपाट भागांत पट्टे उमटतात.

रंग जुळवण्याआधी उजेड वाढवणे

फोटो काळपट दिसतो म्हणून आधी Exposure ओढणे स्वाभाविक आहे, पण त्यामुळे अंदाज चुकतो. पिवळ्या प्रकाशात लाल वाहिनी इतर दोघींच्या पुढे असते. उजेड वाढवताना तीच आधी टोकाला पोहोचते, आणि माणूस एकतर लवकर थांबतो किंवा जरीतला तपशील गमावतो. म्हणून आधी व्हाइट बॅलन्स, मग उजेड.

वरच्याच फोटोत कार्डावर रंग जुळवल्यानंतर मी Exposure साधारण एक स्टॉप वाढवला. साडी R 200, G 192, B 180 च्या आसपास आली आणि कागद 170 वरून 230 च्या जवळ गेला. जरीवरचे सुईच्या टोकाएवढे चमकते ठिपके 255 ला गेले तरी चालते, पण जरीची सलग पट्टी किंवा साडीची उजळ घडी तिथे जाता कामा नये. Alt दाबून Whites सरकवला की कोणता भाग टोकाला गेला ते दिसते. छपाईत अगदी उजळ भागातही शाईचे तीन ते पाच टक्के ठिपके उरावेत असा माझा दंडक आहे. एका छापखान्यातल्या वयस्कर कारागिरांनी मला फार पूर्वी सांगितले होते, “दादा, जिथे ठिपकाच नाही तिथे आम्ही साडी कशाची छापायची?” तिथे खरोखरच कोरा कागद उरतो, आणि घडी मधेच तुटल्यासारखी दिसते.

उजेडाचा निर्णय भडक पडद्यावर घेतला तर वरचे सारे कष्ट वाया जातात. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद फक्त खोलीतला प्रकाश परत पाठवतो, शिवाय शाईचा ठिपका कागदावर थोडा पसरतो आणि मधल्या छटा गडद होतात. “पडद्यावर छान होते, छापल्यावर काळे आले” ही तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते. माझा पडदा मी 100 कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवतो. मोजण्याचे यंत्र नसेल, तर ज्यावर छपाई होणार आहे तो कोरा कागद पडद्याशेजारी धरून, पडद्यावरचे पांढरे त्या कागदाइतके होईपर्यंत तेज उतरवावे. पहिल्या दिवशी पडदा मंद वाटतो, पण डोळा लवकर सरावतो.

सावल्या पुसून टाकणे

Shadows चा स्लायडर शंभरापर्यंत नेला की घड्यांतले सगळे दिसू लागते आणि शिकाऊ माणसाला काम फत्ते झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात साडीची सळ, निऱ्यांचा पडाव आणि काठाची जाडी ही सावलीमुळेच कळतात. सावली गेली की रेशीम-सुताचे कापड छापील कागदाच्या पट्टीसारखे सपाट होते. त्याखेरीज अंधारातला भाग ओढून वर काढला, की त्यात लपलेले लाल-हिरवे कण बाहेर येतात, आणि आर्ट पेपरवर ते मळासारखे दिसतात.

तरीही सावल्यांना हात लावावाच लागतो, कारण पडद्यावर 10 आणि 20 या पातळ्या वेगळ्या दिसल्या तरी कागदावर शाई चढल्यावर त्या एकच काळा डाग होतात. मी Shadows वीस-पंचवीसच्या पुढे नेत नाही आणि त्यानंतर Blacks किंचित खाली आणतो, म्हणजे घडीच्या आतला मधला अंधार उघडतो आणि खोल रेघ मात्र काळीच राहते. साडी जिथे कागदाला टेकते तिथली बारीक सावली मी कधीच काढत नाही. ती काढली की साडी हवेत तरंगते.

सावलीचा रंग हा वेगळा प्रश्न आहे. समोर पिवळे दिवे आणि बाजूला खिडकी असेल, तर दिव्यांच्या हिशेबाने व्हाइट बॅलन्स बरोबर बसवल्यावर खिडकीकडच्या घड्या निळ्या उरतात. हा निळेपणा काढण्यासाठी संपूर्ण फोटोचा Temperature वाढवला, तर बाकीची साडी पिवळी पडते. एका फोटोत दोन प्रकाश असतील तर एका आकड्याने दोन्ही सुधारत नाहीत. मी तेवढ्याच घड्यांवर ब्रशने मास्क काढतो आणि तिथे Temperature हळूहळू वाढवतो. दोन्ही बाजूंची साडी आकड्यांत जुळली की थांबतो. मास्कची कड मऊ ठेवावी, नाहीतर घडीवर रंगाची सीमारेषा दिसते.

ज्यांवर अधिक बोलण्याची गरज नाही अशा चुका

Auto चे बटण एका फोटोला बरे वाटते, पण शेजारच्या दोन साड्यांना दोन वेगळे निकाल देते आणि एकाच पानावर त्या वेगवेगळ्या दिवशी काढल्यासारख्या दिसतात. फाइल सुरुवातीलाच सीएमवायकेमध्ये बदलू नये. शेवटपर्यंत आरजीबीत काम करावे. जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह करू नये. गुलबक्षी रंग पडद्यावर जितका झळाळतो तितका चार शायांत येत नाही, म्हणून सॅच्युरेशन वाढवून त्याचा पाठलाग करू नये. छापखान्याकडून त्यांच्या कागदाचा प्रोफाइल मागून फोटोशॉपच्या Proof Setup मध्ये लावावा आणि Ctrl+Y दाबून खरा रंग आधीच पाहावा.

नमुनापान मात्र प्रत्यक्ष छापायच्या कागदावरच काढून घ्यावे आणि साडीसह त्या 5000 केल्व्हिनच्या दिव्याखाली पाहावे. त्या पानाच्या कापल्या जाणाऱ्या कडेवर मी फोटोतल्या करड्या कार्डाची एक पट्टी मुद्दाम ठेवतो. साडीचा रंग चुकलेला दिसला, की आधी ती पट्टी पाहतो. पट्टी करडी आहे आणि साडी चुकली आहे, तर दोष माझ्या फाइलमध्ये आहे. पट्टीच गुलाबी झाली असेल, तर मशीनवर मॅजेंटा जास्त चालला आहे, आणि अशा वेळी फोटोला हात न लावता मशीनवरच्या माणसाला शाई उतरवायला सांगावी.