कापणीआधी भाताच्या उत्पन्नाचा अंदाज: चौकटीपासून खाचरापर्यंत

कोकणातल्या खाचरात भात पिवळे पडू लागले की बांधावर उभे राहून अंदाज बांधण्याची पद्धत जुनी आहे. मात्र बांधावरून दिसते ती जवळची, उंच वाढलेली रोपे, मधला भाग नव्हे. त्याऐवजी एक चौरस मीटरच्या काही चौकटींतील लोंब्या मोजून त्यावरून सबंध खाचराचा हिशेब काढता येतो. दाणा कडक होऊ लागला की, म्हणजे कापणीच्या साधारण दहा-बारा दिवस आधी, ही मोजणी करावी. त्याआधी दाण्याचे वजन अजून भरत असते.

प्रथम क्षेत्र नक्की करावे. सातबाऱ्यावरचे क्षेत्र येथे जसेच्या तसे वापरू नये, कारण डोंगरउतारावरच्या लहान खाचरांत बांधच बरीच जागा खातात. उदाहरणार्थ, सातबाऱ्यावर १२ गुंठे, म्हणजे सुमारे १,२१४ चौरस मीटर असलेल्या एका खाचरात टेपने मोजल्यावर प्रत्यक्ष भाताखाली १,१२० चौरस मीटर जागा भरते असे समजू. पुढचा सगळा गुणाकार या १,१२० ने करायचा आहे.

चौकटीसाठी बांबूच्या तीन सरळ काठ्या एक-एक मीटर लांबीच्या तोडून त्यांची तीन बाजू असलेली चौकट बांधावी आणि चौथी बाजू चौकट पिकात सरकवल्यावर सुतळीने जोडावी. चारही बाजू बंद असलेली चौकट उभ्या पिकात वरून घालताना रोपे मोडतात. उघड्या बाजूने ती बुंध्याशी सरकवता येते. दोन्ही कर्ण १४१ सेंटिमीटर भरले की चौकट काटकोनी झाली असे समजावे.

चौकट कुठे ठेवायची हे डोळ्यांवर सोडू नये, कारण हात आपसूक चांगल्या पिकाकडे वळतो. खाचराची लांबी आणि रुंदी पावलांनी मोजून तितक्या आकड्यांच्या चिठ्ठ्या कराव्यात आणि प्रत्येक चौकटीसाठी लांबीची एक व रुंदीची एक चिठ्ठी उचलून तितकी पावले चालावे. प्रायोगिक शेतीत कडेच्या ओळी मुद्दाम वगळतात; येथे तसे करू नये, कारण अरुंद खाचरात कडेचे पीकही एकूण उत्पन्नाचा मोठा भाग असते.

खरी चूक होते ती काठीखाली आलेल्या चुडांत. ओळी २० सेंटिमीटर अंतरावर असतील तर एक मीटरमध्ये पाच ओळी बसतात. पण पहिली आणि शेवटची, दोन्ही ओळी नेमक्या काठीखाली आल्या आणि दोन्ही धरल्या तर सहा ओळी मोजल्या जातात आणि अंदाज तेथेच २० टक्क्यांनी फुगतो. म्हणून लागून असलेल्या दोन बाजूंवरचे चूड धरावेत आणि उरलेल्या दोन बाजूंवरचे सोडावेत, आणि हा नियम प्रत्येक चौकटीत तसाच पाळावा. लहान आकाराच्या चौकटींतून उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त दिसते, हे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिले होते.

प्रत्येक चौकटीतील दाणे धरलेल्या लोंब्या मोजाव्यात. नंतर ठरलेल्या दोन कोपऱ्यांजवळचा एकेक चूड घेऊन त्याच्या सर्व लोंब्यांतील भरलेले दाणे मोजावेत. पोचट दाणे बाजूला काढावेत. भरलेल्यांपैकी हजार दाणे उन्हात चांगले वाळवून त्यांचे वजन घ्यावे.

वरच्या खाचरात पाच चौकटींत अनुक्रमे २४८, २६२, २३१, १७६ आणि २५८ लोंब्या निघाल्या. सरळ सरासरी २३५ येते. पण १७६ ची चौकट आंब्याच्या सावलीत पडली आणि तेवढी सावली खाचराच्या जेमतेम दहाव्या भागावर आहे. पाचांत एक म्हणून तिला पाचवा वाटा देणे योग्य नाही. उरलेल्या चार चौकटींची सरासरी सुमारे २५०, तिचा नऊ दशांश म्हणजे २२५, आणि १७६ चा एक दशांश म्हणजे १८, मिळून २४३ लोंब्या. लोंबीमागे सरासरी ८४ भरलेले दाणे आणि हजार दाण्यांचे वजन २४ ग्रॅम धरल्यास एका चौरस मीटरला सुमारे ४९० ग्रॅम, आणि १,१२० चौरस मीटरला सुमारे ५४९ किलो भात येते. सरळ सरासरीने हाच आकडा ५३१ किलो आला असता. सावलीत लोंबीतले दाणेही कमी भरतात, त्यामुळे त्या भागाचे दाणे वेगळे मोजून वेगळा हिशेब केला तर आणखी बरे.

हे झाले शेतात उभे असलेले भात. कापणी, वाहतूक आणि झोडणीत सांडणाऱ्या दाण्यांसाठी दहा टक्के वजा केल्यास घरी येणारे भात ४९४ किलोच्या आसपास राहील. केवळ पाच चौकटींवरून हा आकडा किलोपर्यंत नेमका मानता येत नाही. ४४५ ते ५४५ किलो असा पल्ला सांगावा. चौकटींचे आकडे एकमेकांपासून फार दूर पडले तर आणखी तीन-चार चौकटी घ्याव्यात. मोजणीनंतर परतीच्या पावसाने भात आडवे पडले, तर मात्र पडलेला भाग टेपने मोजून त्यापुरती मोजणी पुन्हा करावी लागते.