सीएजीआर काढताना वर्षं नाही, मधली अंतरं मोजा

समजा, सहा वर्षांची विक्री ओळीने अशी आहे: 100, 60, 90, 110, 125, 150. एक्सेलमध्ये हे आकडे B2 ते B7 मध्ये असतील तर सीएजीआरचं, म्हणजे दरवर्षीच्या सरासरी चक्रवाढ वाढीच्या दराचं, सूत्र असं:

```
=(B7/B2)^(1/5)-1
```

आकडे सहा, पण वाढीच्या पायऱ्या पाचच. इथे 6 टाकलं की 8.4 टक्क्यांचे 7 टक्के होतात आणि चूक सहजी लक्षात येत नाही. पडताळा सोपा आहे: 100 ला पाच वेळा 1.0845 ने गुणा, 150 च्या जवळपास यायला हवेत.

आता खरी गंमत. त्याच यादीत पहिला आकडा सोडून 60 पासून सुरुवात करा. चार पायऱ्यांत दर थेट 25.7 टक्के! धंदा तोच, फक्त सुरुवात पडत्या वर्षापासून धरली. म्हणून कुणी झकास सीएजीआर दाखवला की मी आधी त्याच्या सुरुवातीच्या वर्षाच्या आधीचा आकडा मागतो. मधली 40 टक्क्यांची घसरण तर या सूत्राला दिसतच नाही; ते फक्त दोन टोकं बघतं.

बचतीत फसगत वेगळी होते. खात्यात 100 होते, दरवर्षी 20 भरले, पाच वर्षांनी 200 झाले. सूत्र 14.9 टक्के सांगेल, पण भरलेत 200 आणि हातात 200, म्हणजे वाढ शून्य. मध्ये पैसे भरले किंवा काढले असतील तर प्रत्येक रक्कम तिच्या तारखेसकट धरून वार्षिक दर काढणारं एक्सेलचं XIRR सूत्र वापरा.