खोक्यावरचे '६ महिने+' नेमके कोणाचे? अपुऱ्या दिवसांच्या बाळाला खेळणी देताना या चुका टाळा

माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली. ती सहा महिन्यांची झाली त्या दिवशी तिच्या मावशीने हौसेने एक खेळण्याचं टेबल आणलं. बटण दाबलं की गाणं, दिवे आणि फिरणारी चक्रं, सगळं एकदम सुरू. खोक्यावर '६ महिने+' असं ठसठशीत लिहिलेलं, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. उशा लावून लेकीला टेबलापुढे बसवलं. ती एका बाजूला कलली, मग तिला उचक्या लागल्या, हाताची पाचही बोटं ताठ फाकली आणि तिने मान वळवून भिंतीकडे पाहायला सुरुवात केली. "हिला खेळायचंच नाही," असं सगळ्यांचं मत पडलं.

चूक हिशेबात होती. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे, ती आली ३० व्या आठवड्यात, म्हणजे १० आठवडे आधी. सहा महिने म्हणजे साधारण २६ आठवडे. त्यातून १० वजा केले की उरतात १६. सुधारित वयाने ती चार महिन्यांचीसुद्धा पुरती झाली नव्हती. त्या वयाचं बाळ आधाराशिवाय बसत नाही, हात छातीसमोर आणून एकमेकांत गुंफायला शिकत असतं. खेळणी निवडताना आणि 'अजून पालथी का पडत नाही' असं विचारताना हेच वय धरायचं, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. त्यात आठवडे वजा करायचे नाहीत.

दुसरी चूक म्हणजे तिच्या खुणा न ओळखणं. भूक नसताना उचक्या, वारंवार जांभया किंवा शिंका, फाकलेली बोटं, पाठीची कमान, कातडीवर उमटणारे निळसर-लालसर चट्टे आणि मुख्य म्हणजे नजर चुकवणं, याचा अर्थ 'आता पुरे'. आपण नेमकं उलटं करतो: नजर चुकवली की खुळखुळा तिकडे नेऊन आणखी जोरात वाजवतो. त्याऐवजी आवाज बंद करा, उजेड मंद करा, खेळणं बाजूला ठेवा आणि तिचे हात तिच्या छातीवर आणून आपला तळवा हलकेच, न थोपटता, त्यावर ठेवा. ती पुन्हा शांतपणे डोळ्यांत पाहू लागली, हात तोंडाकडे नेऊ लागली, की खेळायला तयार आहे असं समजा. पण चट्टे उजेड-आवाज कमी करूनही जात नसतील, ओठ निळे पडत असतील किंवा श्वास अडखळत असेल, तर तो खेळाचा प्रश्न नाही. लगेच वैद्यकीय मदत घ्या.

ते टेबल आम्ही माळ्यावर टाकलं. मग एका वेळी एकच गोष्ट, असं ठरवलं. चेहरा दाखवायचा तर गाणं नाही, गाणं म्हणायचं तर खेळणं हलवायचं नाही. मी तिला कुशीवर निजवायचे, पाठीला माझा हात. कुशीवर असलं की हात आपोआप समोर येतात, उताणं असताना ते बाजूला पसरतात. मग एक हलका, कापडी खुळखुळा तिच्या तळव्यात द्यायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सर्वांत अवघड, विशेषतः आजी शेजारी असेल तर. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटांतच तिने मान वळवली. तेवढंही पुरेसं होतं.

उभं करण्याची घाईही नको. लवकर जन्मलेल्या काही बाळांचे पाय ताणलेले असतात. काखेत धरलं की ती चवड्यांवर ताठ होतात आणि घरचे म्हणतात, "बघा, उभी राहतेय!" ही ताकद असेलच असं नाही. वॉकर किंवा उड्या मारायचा झोपाळा दिला तर ताठ होण्याची तीच सवय वाढू शकते. वॉकरचे अपघात होतात ते वेगळेच. त्यापेक्षा जागेपणी पोटावर खेळवा, सुरुवातीला आपल्याच छातीवर. पाय नेहमीच ताठ वाटत असतील तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तसं दाखवा.

मऊ खेळणी भेट आलीच तर ती धुता येतील अशी हवीत, आणि झोपेच्या जागेत मुळीच नकोत. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळाभोवती कापडाच्या गुंडाळ्या ठेवलेल्या पाहून आम्हीही घरी उशा रचल्या होत्या. तिथे यंत्र आणि परिचारिका चोवीस तास लक्ष ठेवून असतात. घरी बाळाने उताणं, सपाट गादीवर, आजूबाजूला काहीही नसताना झोपायचं.

आता कोणी "काय आणू?" असं विचारलं की मी जन्मतारीख सांगत नाही, डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीख सांगते. ते टेबल खाली काढलं तेव्हा लेक जन्मतारखेने अकरा महिन्यांची होती आणि एकटी बसत होती. सेल मात्र अजून घातलेले नाहीत.