टीव्हीच्या एकाच एचडीएमआय पोर्टवर चित्र येत नसेल तर

सेट-टॉप बॉक्स चालू आहे, पुढचा दिवा लागला आहे, केबल घट्ट बसली आहे आणि टीव्ही मात्र No Signal म्हणून मोकळा होतो. तीच केबल शेजारच्या पोर्टमध्ये घातली की चित्र लगेच हजर. असं झालं की घरात एकमताने निकाल लागतो: पोर्ट गेला. कधीकधी तो खरंच गेलेला असतो. पण पोर्ट शाबूत असतानाही हेच लक्षण दिसू शकतं, त्यामुळे मेकॅनिकला बोलावण्याआधी अर्धा तास खर्च करणं फायद्याचं ठरतं.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते कळेल. एचडीएमआय केबलने चित्र जायच्या आधी दोन्ही उपकरणांची बोलणी होतात. बॉक्स एका पिनवरून टीव्हीला 5 व्होल्ट देतो, म्हणजे ‘मी आलोय’ असं कळवतो. टीव्ही दुसऱ्या पिनवरून होकार देतो. मग बॉक्स टीव्हीकडून एक छोटी यादी वाचतो. टीव्हीला किती रिझोल्यूशन चालतं, कोणते रंग आणि कोणता आवाज चालतो, हे त्या यादीत असतं आणि तिला ईडीआयडी म्हणतात. त्यानंतर कॉपी रोखण्याच्या कुलपाची, म्हणजे एचडीसीपीची, किल्ली जुळवली जाते. हे सगळं पार पडल्यावर चित्र येतं. आणि ही यादी टीव्हीच्या प्रत्येक पोर्टची वेगळी असते. पुढे जे गंमतशीर प्रकरण येणार आहे, त्याचं मूळ इथेच आहे.

पडदा काय सांगतोय ते बघा

रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबा आणि यादीत तो पोर्ट कसा दिसतो ते पाहा. पुष्कळ टीव्हींमध्ये काही जोडलेलं नसलेला पोर्ट फिका दिसतो. बॉक्स चालू असूनही HDMI 3 फिकाच असेल, तर पहिला ‘मी आलोय’सुद्धा टीव्हीपर्यंत पोचत नाहीये. मग संशय केबलवर, पोर्टवर किंवा बॉक्सच्या मागच्या सॉकेटवर घ्यायचा. पोर्ट ठळक दिसतोय पण पडदा काळा आहे किंवा सिग्नल चालत नसल्याचा संदेश येतोय, तर जोडणी झाली आहे, गाडी पुढच्या बोलण्यांत अडली आहे. अशा वेळी केबलपेक्षा सेटिंगकडे आधी वळावं.

पोर्ट यादीतच नसेल तर घाबरू नका. काही टीव्हींमध्ये न वापरलेले इनपुट लपवण्याची सोय असते आणि ती कुणीतरी कधीतरी चालू करून ठेवलेली असते. आणखी एक चूक इतकी साधी आहे की सांगायला संकोच वाटतो. बॉक्स किंवा साउंडबारच्या मागे IN आणि OUT अशी दोन सॉकेट असतील, तर टीव्हीकडे जाणारी केबल OUT मध्येच हवी. फायबरच्या लांब केबलच्या दोन टोकांवर वेगवेगळी नावं छापलेली असतात. Display लिहिलेलं टोक टीव्हीला लावायचं, उलटं लावलं तर काहीच दिसत नाही.

वीज खरोखर तोडा

रिमोटने बंद केलेला टीव्ही पूर्ण बंद नसतो, आणि अडकलेली बोलणी तशीच अडकून राहू शकतात. टीव्ही आणि बॉक्स दोघांचे प्लग भिंतीतून काढा. एचडीएमआय केबलही दोन्ही टोकांनी काढा, कारण बॉक्सकडून येणारे ते 5 व्होल्ट टीव्हीच्या त्या भागाला जागं ठेवू शकतात. पाच मिनिटं थांबा. मग केबल जोडा, आधी टीव्ही चालू करा, योग्य इनपुट निवडा आणि शेवटी बॉक्स चालू करा. एवढ्यानेच चित्र आलं आणि टिकलं तर पुढचं वाचायची गरज नाही. दर दोन दिवसांनी हेच करावं लागत असेल, तर मात्र वाचा.

एका वेळी एकच गोष्ट बदला

इथे लोक घाई करतात. केबल बदलतात, पोर्टही बदलतात, जाता जाता बॉक्स रीसेट करतात, आणि चित्र आल्यावर ते कशाने आलं हे कुणालाच सांगता येत नाही. क्रम असा ठेवा. केबल तीच, बॉक्स तोच, फक्त टीव्हीकडचं टोक चालणाऱ्या पोर्टमध्ये घाला. चित्र आलं तर बॉक्स ठीक आहे आणि केबलही बहुतेक ठीक आहे. आता तेच टोक पुन्हा बिघडलेल्या पोर्टमध्ये घाला आणि बॉक्सऐवजी दुसरं उपकरण, म्हणजे कन्सोल किंवा लॅपटॉप, त्याच केबलला जोडा. त्याचंही चित्र आलं नाही, तर पोर्टवरचा संशय बळावतो. आलं, तर पोर्ट जिवंत आहे.

माझ्याकडे नेमकं हे दुसरं घडलं. टीव्हीला चार पोर्ट. सेट-टॉप बॉक्स पहिल्यावर होता आणि कन्सोल तिसऱ्यावर, ज्याच्या शेजारी 4K 120Hz असं छापलेलं आहे. सामान हलवताना केबल पुरेनात, म्हणून कन्सोल चौथ्यावर नेला आणि बॉक्स तिसऱ्यावर. बॉक्स गप्प. पहिल्यावर परत नेला की चालू, तिसऱ्यावर आणला की No Signal. पोर्ट गेला असं मीही ठरवून टाकलं होतं. पण खातरी करायला कन्सोल तिसऱ्यावर लावला, तर तो झकास चालला, आणि तोही बॉक्सच्याच केबलने. म्हणजे पोर्ट निर्दोष, केबल निर्दोष, बॉक्स निर्दोष, आणि जोडी मात्र जमत नाही. असा निकाल लागला की उत्तर एकाच जागी शोधायचं: त्या पोर्टच्या सेटिंगमध्ये.

पोर्टचं सेटिंग

4K टीव्हींमध्ये प्रत्येक पोर्टसाठी सिग्नलचा प्रकार निवडता येतो. सोनीच्या टीव्हीत त्याला HDMI signal format म्हणतात, सॅमसंगमध्ये Input Signal Plus, एलजीमध्ये HDMI Deep Colour किंवा त्याच्या जवळपासचं नाव असतं. मॉडेल आणि वर्षानुसार जागा बदलते, पण ते साधारणपणे चित्राच्या, इनपुटच्या किंवा बाहेरच्या उपकरणांच्या सेटिंगमध्ये सापडतं. हे चालू केलं की टीव्ही त्या पोर्टच्या यादीत वरच्या दर्जाचे प्रकार भरतो. कन्सोलला ते हवंच असतं. पण जुन्या बॉक्सने ती लांब यादी वाचली की त्याचा गोंधळ उडू शकतो, आणि मग तो चित्र पाठवतच नाही किंवा टीव्हीला न कळणारं काहीतरी पाठवतो.

मी कन्सोल आणला तेव्हा तिसऱ्या पोर्टवर Enhanced format करून ठेवलं होतं आणि नंतर विसरून गेलो होतो. कन्सोल हलवला, पण सेटिंग पोर्टबरोबर तिथेच राहिलं. ते Standard format केलं, पडदा दोन-तीन सेकंद काळा झाला आणि बातम्या सुरू झाल्या. बॉक्सला 1080p च पाठवायचं असेल तर यात चित्राचं काहीही नुकसान होत नाही. बदलताना एवढं बघा की आपण बघतोय त्याच पोर्टचं सेटिंग बदलतंय. चार पोर्टच्या चार ओळी असतात आणि घाईत भलतीच ओळ बदलली जाते.

शेवटी मी बॉक्स पहिल्यावर परत नेला आणि तिसरा पोर्ट पुन्हा कन्सोलला दिला. अनेक टीव्हींमध्ये 4K 120 चालणारे पोर्ट एक-दोनच असतात आणि ते बॉक्सवर घालवणं म्हणजे उधळपट्टी.

कन्सोल असेल तर

कन्सोलच्या बाबतीत उलटी अडचण येते. त्यावर वरचं रिझोल्यूशन हाताने ठरवून ठेवलेलं असतं आणि नवा पोर्ट ते स्वीकारत नाही. पडदाच काळा, तर सेटिंग बदलणार कसं? प्लेस्टेशन 5 वर त्यासाठी सेफ मोड आहे. कन्सोल पूर्ण बंद करा, मग पॉवरचं बटण दाबून धरा. पहिली बीप लगेच येते, दुसरी साधारण सात सेकंदांनी. दुसरी ऐकल्यावरच बोट उचला, कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा आणि Change Video Output मधून रिझोल्यूशन बदला.

1080p वर चित्र स्थिर राहतं पण 4K 120 वर लुकलुकतं किंवा दर थोड्या वेळाने गायब होतं, असं असेल तर केबल कमी पडतेय. अशा वापरासाठी वेष्टनावर Ultra High Speed लिहिलेली केबल लागते. जुनी केबल बॉक्सला वर्षानुवर्षं चालली म्हणून कन्सोलला चालेलच असं नाही, कारण दोघांच्या सिग्नलच्या वेगात फार फरक असतो.

पोर्ट खरंच गेला असेल तर

दोन उपकरणं, दोन केबल आणि Standard सेटिंग, एवढं करूनही एकाच पोर्टवर काहीच येत नसेल, तर प्लग काढून टॉर्चने आत बघा. मध्ये पिनांची एक पातळ पट्टी दिसते. शेजारच्या पोर्टशी तुलना करा. पट्टी तुटलेली, तिरकी किंवा आत दबलेली असेल तर कारण सापडलं. सुई-पिन आत घालून सरळ करायला जाऊ नका, त्या भानगडीत शेजारच्या दोन पिना एकमेकींना चिकटतात. टीव्ही चालू असताना केबलचं टोक हलकेच वर उचलून धरलं की चित्र येतं आणि सोडलं की जातं, असं दिसलं तर पोर्टचा टाका सुटत चालला आहे. भिंतीवरच्या टीव्हीत जाड केबल लोंबती राहिली की हे होतं. असा टाका पुन्हा मारता येतो. पट्टी शाबूत आणि टाकेही पक्के असतील, तर दोष बोर्डवरच्या चिपमध्ये असू शकतो. मग पूर्ण बोर्ड बदलण्याची वेळ येते आणि एका पोर्टसाठी ते क्वचितच परवडतं.

त्यापेक्षा एचडीएमआय स्विच आणावा. त्याला दोन-तीन उपकरणं जोडायची आणि त्यातून एक केबल टीव्हीच्या चांगल्या पोर्टला न्यायची. घेताना ‘स्प्लिटर’ घेऊ नका. तो एका उपकरणाचं चित्र दोन टीव्हींवर नेतो, इथे त्याचा उपयोग नाही, आणि दिसायला दोन्ही डब्या अगदी सारख्या असतात. स्विचवर बॉक्ससारखी साधी उपकरणं लावा आणि कन्सोल सरळ टीव्हीलाच ठेवा, कारण साधा स्विच 4K 120 पुढे जाऊ देत नाही.