निकालापूर्वी जप्तीचा अर्ज: या चुका टाळा

दावा दाखल झाला की प्रतिवादीला मिळकत विकताच येत नाही, असे अनेक वादी धरून चालतात. वसुलीच्या दाव्यात तसे नसते. वाद पैशाचा असतो, मिळकतीचा नव्हे, त्यामुळे दावा चालू असतानाही खरेदीखत होऊ शकते. ते रोखण्याचा रस्ता म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८, नियम ५ खालचा अर्ज.

समजा, मालाचे १८ लाख रुपये थकले आहेत. मागणीची नोटीस मिळाल्यावर प्रतिवादीने राहता फ्लॅट पत्नीला बक्षीसपत्राने दिला. आता त्याच्या नावावर उरलाय साधारण २५ लाखांचा दुकानगाळा, आणि तोही विकायला काढलाय.

अशा वेळी प्रतिज्ञापत्रात हमखास एक वाक्य येते: ‘हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत अडथळा आणण्याच्या हेतूने प्रतिवादी मिळकतीची विल्हेवाट लावण्याच्या बेतात आहे.’ हे नियमाचेच शब्द आहेत. पुरावा म्हणून त्यांना किंमत नाही. न्यायाधीशांचा पहिला प्रश्न असतो, ‘तुम्हाला हे कुठून कळलं?’ त्याचे उत्तर प्रतिज्ञापत्रातच हवे: कोणती मिळकत, कोणाला, आणि माहिती कोणाकडून, केव्हा मिळाली. खरेदीदाराच्या वकिलाने वर्तमानपत्रात दिलेली जाहीर नोटीस इथे फार कामाची असते, कारण तीत गाळ्याचे वर्णन असते आणि हरकती मागवलेल्या असतात. फ्लॅटच्या बक्षीसपत्राची सूची क्रमांक दोन काढा. मग मागणीची नोटीस, बक्षीसपत्र आणि जाहीर नोटीस यांच्या तारखा एकाखाली एक मांडा. हेतू असाच दिसतो. तो कोणी लिहून देत नाही.

तारखा मात्र पुरेशा नाहीत. रमण टेक विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स या २००८च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की विनातारण येणे तारणी करून घेण्यासाठी हा नियम नाही. आधी दाव्यात प्रथमदर्शनी दम दिसला पाहिजे, म्हणजे बिले, माल पोचल्याच्या सहीची चलने, जमल्यास बाकी कबूल केल्याचे पत्र. त्यानंतर हेतूचा विचार. धंद्याच्या ओघात माल किंवा मिळकत विकणारा माणूस केवळ प्रतिवादी आहे म्हणून अडवला जात नाही.

काही जण त्याच अर्जात बक्षीस दिलेला फ्लॅटही जप्त करून मागतात. तो प्रतिवादीचा राहिलेलाच नाही. त्या व्यवहाराला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली स्वतंत्रपणे आव्हान द्यावे लागते. इथे फ्लॅट फक्त हेतूचा पुरावा. आणखी एक धोका: गाळ्याचे खरेदीखत जप्तीआधी सही होऊन नोंदणी नंतर झाली, तरी ते जप्तीवर मात करते. हमदा अम्मल प्रकरणात १९९०च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने हेच धरले. म्हणून जाहीर नोटीस हाती पडल्यावर पुढच्या तारखेची वाट पाहत बसणे परवडत नाही.

आता सर्वांत महागात पडणारी चूक, आणि ती मागणीच्या परिच्छेदात असते. ‘गाळा जप्त करावा’ एवढेच मागितले आणि तेवढाच हुकूम झाला, तर प्रतिवादीचे वकील नियम ५ चा पोटनियम ४ दाखवतात: पोटनियम १ न पाळता केलेली जप्ती शून्यवत. म्हणजे हुकूम हाती असूनही उपयोग नाही. पोटनियम १ नुसार प्रतिवादीला आधी संधी द्यावी लागते: ठरावीक मुदतीत तारण दे, किंवा का देऊ नये याची कारणे दाखव. तोवर गाळा निसटू नये म्हणून पोटनियम ३ खाली त्याच हुकमात सशर्त जप्ती मागता येते. मागणी अशी लिहा: दाव्याची रक्कम, व्याज आणि खर्च यांपोटी अमुक रकमेचे तारण प्रतिवादीने द्यावे किंवा कारणे दाखवावीत, आणि तोपर्यंत परिशिष्टातील गाळा सशर्त जप्त राहावा. परिशिष्टात गाळा क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, चतुःसीमा आणि अंदाजे किंमत द्या. सगळे एकदम जप्त करून मागायचा मोह आवरा. १८ लाखांसाठी २५ लाखांचा गाळा पुरतो.

हुकूम झाला म्हणजे जप्ती झाली नाही. बेलिफ भत्ता त्याच दिवशी भरा, हुकूम गाळ्यावर जाहीर होऊन चिकटवला जाईल हे पाहा, आणि त्याची प्रत सोसायटीला व दुय्यम निबंधकांना पोच घेऊन द्या. त्यानंतरची खासगी विक्री वादीच्या हक्कापुरती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ मुळे निरर्थक ठरते.

पुढे दाव्याच्या तारखाही सांभाळा. गैरहजेरीमुळे दावा काढून टाकला गेला तर जप्ती संपते, आणि दावा पुन्हा नंबरावर आला तरी ती आपोआप जिवंत होत नाही (नियम ११-अ). त्यासाठी पुन्हा नवा अर्ज करावा लागतो. दावा मात्र नीट चालून हुकूमनामा झाला, तर दरखास्तीत गाळ्याची पुन्हा जप्ती मागायची गरज नसते. नियम ११ मुळे थेट विक्रीचा अर्ज करता येतो.