सॅनिटायझरचा वास आणि कोरडे हात
सॅनिटायझरमध्ये साधारण 60 ते 70 टक्के अल्कोहोल असतं. त्याचा उग्र दर्प झाकायचा म्हणून बऱ्याचदा सुगंध घालतात. अल्कोहोल काही सेकंदांत उडून जातं, सुगंध मात्र कातडीवर तासभरही रेंगाळतो. अल्कोहोल त्वचेवरचं तेल ओढून घेतं, त्यामुळे हात आधीच फुटले असतील तर लावताक्षणी चुरचुरतात. ते चुरचुरणं मिनिटभरात थांबलं तर बहुधा अल्कोहोलचंच. पण दुसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत खाज किंवा लालसर पुरळ दिसलं, तर संशय सुगंधावर घ्या. अशा वेळी सुगंध न घातलेलं, ग्लिसरीन असलेलं सॅनिटायझर घ्या आणि हात पूर्ण सुकल्यावरच क्रीम लावा. सॅनिटायझर सुकण्याआधीच क्रीम लावलंत तर अल्कोहोल पातळ होऊन काम अर्धवट राहतं.